चेहरा दिसत नसेल तेव्हा आधी आपणच बोलायचं: दाराच्या कॅमेऱ्यावरचं पहिलं वाक्य

नवा व्हिडिओ डोअरफोन किंवा वायफायवरची बेल बसवली की पहिल्या आठवड्यात एक प्रसंग हमखास घडतो. बेल वाजते. पडद्यावर एक काळी आकृती आणि तिच्या मागे जिन्याची लख्ख खिडकी. घरातला माणूस बोलायचं बटण दाबतो आणि बाहेरचा काहीतरी बोलेल म्हणून थांबतो. बाहेरचा दार उघडेल म्हणून थांबलेला असतो. पाच-सात सेकंद सगळं गप्प. मग बाहेरचा पुन्हा बेल दाबतो, नेमकं त्याच क्षणी आतला "कोण?" म्हणतो, आणि बेलच्या आवाजात तो शब्द बुडून जातो.

हे टाळायला यंत्र बदलावं लागत नाही. पहिलं वाक्य कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत बोलायचं हे घरात ठरलेलं असलं की पुरतं. पुढचं सगळं दोन प्रकारच्या यंत्रांना लागू पडतं: भिंतीवर पडदा आणि दाराबाहेर बटणाचा डबा असलेला तारेचा डोअरफोन, आणि मोबाइलवर बोलता येतं ती वायफायची बेल. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी आतल्यानेच का बोलायचं

बेल वाजवणं ही हाक आहे, आणि हाकेला उत्तर द्यायची पाळी आतल्याची. फोनचंही असंच असतं. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1968 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोलिसांकडे आलेल्या आणि पोलिसांनी केलेल्या सुमारे 500 फोनच्या सुरुवाती तपासल्या, तेव्हा जवळजवळ सगळीकडे फोन उचलणारा आधी बोलला होता. एकाच फोनमध्ये उचलणारा गप्प राहिला, आणि तिथे फोन करणाऱ्यालाच "हॅलो" म्हणून पुन्हा हाक घालावी लागली. दाराबाहेरचा माणूस दुसऱ्यांदा बेल दाबतो तेव्हा तोही हेच करत असतो.

दाराच्या यंत्रात याला आणखी एक कारण आहे. आपण बोलायचं बटण कधी दाबलं हे बाहेरच्याला बहुतेक वेळा कळतच नाही. बाहेरच्या डब्यावर फार तर एखादा बारीक दिवा लागतो, आणि उन्हात तोही दिसत नाही. आवाज आला की मगच त्याला समजतं की आता बोलायला हरकत नाही. म्हणून तो मुद्दाम गप्प आहे असा संशय धरायचं कारण नाही. आपला आवाज ऐकू येईपर्यंत गप्प राहणं हे त्याच्या बाजूने अगदी बरोबर आहे.

बटण दाबण्याआधीचे चार-पाच सेकंद

तारेच्या बहुतेक डोअरफोनमध्ये बेल वाजली की पडदा आपोआप उजळतो, पण आपला आवाज बाहेर जात नाही. तो जातो बोलायचं बटण दाबल्यावर. त्यावर बहुधा फोनच्या रिसीव्हरचं चित्र असतं. मधल्या वेळात तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, दाराबाहेरचा दिवा लावायचा. आपल्याकडे बऱ्याच फ्लॅटमध्ये मुख्य दाराच्या वर एक दिवा असतो आणि त्याचं बटण आत असतं. दिवसा तो लावायचं कुणाच्या मनात येत नाही, पण चेहरा काळा दिसण्यावर सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे, कारण तो दिवा पाहुण्याच्या चेहऱ्यावर समोरून पडतो. दिवा पाहुण्याच्या डोक्यामागे, जिन्याच्या छताला असेल, तर मात्र उपयोग नाही. उलट काळोखी वाढते.

दुसरी, टीव्ही बंद नाहीतर निदान मुका करायचा. हे सौजन्यासाठी नाही, त्याचं कारण थोड्या वेळाने येईल.

तिसरी, घरातल्यांनी गप्प राहायचं. "कोण आहे गं?", "तो परवाचा विमेवाला असेल, उघडू नकोस" हे संवाद बटण दाबल्या क्षणापासून बाहेर जिन्यात ऐकू जातात. शेजाऱ्यांनाही.

पण बघत फार वेळ उभं राहू नये. दहाएक सेकंद झाले की माणूस पुन्हा बेल दाबतो, आणि काही यंत्रांत दुसऱ्या बेलने सगळा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोन श्वास घ्यायचे, पडद्यावर किती माणसं आहेत ते मोजायचं, आणि बोलायचं.

नवख्यांसाठी एक खबरदारी. दाराला विजेचं कुलूप जोडलेलं असेल, तर बोलायच्या बटणाशेजारीच किल्लीच्या चित्राचं बटण असतं, आणि घाईत बोट तिकडे गेलं तर दार उघडतं. त्या बटणावर पहिल्याच दिवशी लाल चिकटपट्टीचा जाड तुकडा लावून ठेवावा, म्हणजे न बघताही बोटाला फरक कळतो.

पहिला शब्द वाया जाणार हे धरून चालायचं

बटण दाबल्यावर आवाजाची वाट खुली व्हायला यंत्राला थोडा वेळ लागतो. तारेच्या यंत्रात तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो, तर मोबाइलवर एक-दोन सेकंद सहज जातात. या वेळात बोललेलं बाहेर पोचत नाही. "कोण आहे?" म्हटलं तर बाहेर फक्त "हे?" ऐकू येतं, आणि ते खेकसल्यासारखं वाटतं. माणूस बिचकतो, किंवा "काय?" म्हणून उलट विचारतो.

म्हणून वाक्याच्या सुरुवातीला एक असा शब्द ठेवायचा जो गेला तरी चालेल. आमच्या मते मराठीत त्यासाठी "हो" सगळ्यात उत्तम. तो हाकेला दिलेलं उत्तर आहे, त्यात रुक्षपणा नाही, आणि तो गिळला गेला तरी मागचं वाक्य पूर्ण राहतं:

"हो, बोला. कोणाकडे आलात?"

एवढंच बोलून थांबायचं. बटण धरून ठेवायचं यंत्र असेल तर बोट उचलायचं. बोट दाबलेलं असेपर्यंत त्याचा आवाज आपल्याकडे येतच नाही. मग मनात चार आकडे मोजायचे. मोबाइलवर आपला आवाज बाहेर पोचायला सेकंदभर, त्याला समजून बोलायला सेकंदभर आणि त्याचा आवाज परत यायला सेकंदभर, असा हिशोब आहे. नवी माणसं दोन सेकंदांत घाबरतात आणि "हॅलो? हॅलो?" सुरू करतात. तेवढ्यात त्याचं उत्तर येत असतं, आणि दोन्ही आवाज एकमेकांना कापतात.

आता टीव्हीचं कारण. अनेक यंत्रांत एका वेळी एकाच बाजूचा आवाज जातो, आणि कोणती बाजू चालू ठेवायची हे यंत्र आवाजाच्या जोरावर ठरवतं. आत टीव्ही, मिक्सर किंवा प्रेशर कुकरची शिटी चालू असेल तर यंत्राला वाटतं की आपणच बोलतो आहोत, आणि ते बाहेरच्याचा आवाज बंद करतं. उलटंही होतं: जिन्यात कुत्रा भुंकत असेल किंवा कुणी भिंतीत ड्रिल मारत असेल, तर आपला आवाज बाहेर जात नाही. अशा वेळी ओरडून फायदा नाही. यंत्रापासून वीतभर अंतरावर तोंड ठेवून, नेहमीच्या आवाजात, एक छोटं वाक्य.

तुमच्या यंत्राचा स्वभाव कळायला पाच मिनिटांची चाचणी पुरते. घरातल्या एकाला बाहेर उभं करा. बेल वाजल्यावर आतल्याने बटण दाबताक्षणी "एक, दोन, तीन, चार" असं सावकाश बोलावं. बाहेरच्याला कोणत्या आकड्यापासून ऐकू आलं ते बघा. "तीन"पासून ऐकू आलं असेल तर "हो" पुरणार नाही. बटण दाबून एक श्वास थांबा आणि मग बोला. नंतर बाहेरच्याला एकापासून वीसपर्यंत न थांबता मोजायला सांगा आणि मध्येच आतून "हो" म्हणा. कोणते आकडे गळाले त्यावरून तुमच्या एका शब्दाने त्याचं किती बोलणं कापलं जातं ते समजेल. शेवटी, आतून "हो" ऐकताच बाहेरच्याने टाळी वाजवायची, आणि टाळी यंत्रातून ऐकू येईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या घड्याळावर मोजायचा. तेवढा वेळ आणि वर एक सेकंद, ही तुमची थांबण्याची मुदत.

दिसत नाही, मग "आला" म्हणायचं की "आली"?

इथे मराठीची स्वतःची अडचण आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपलं क्रियापद माणूस पुरुष आहे की बाई, लहान आहे की मोठा, हे आधीच ठरवून टाकतं. "कोण आलाय?" म्हटलं की पुरुष, "कोण आलीय?" म्हटलं की बाई, "कोण आहेस?" म्हटलं की आपल्याहून लहान. पडद्यावर नुसती सावली असताना यातलं काहीच माहीत नसतं. हेल्मेट घातलेली पार्सलवाली मुलगी "काय रे, कोण पाहिजे?" ऐकते, किंवा सत्तरीतले मामा "कोण आहेस?" ऐकतात, तेव्हा चूक व्याकरणाची असते पण लागते माणसाला. "कोण आलंय?" हे घरातल्या घरात एकमेकांना विचारायला ठीक, समोरच्याला नाही.

"तुम्ही"चं रूप इथे उपयोगी पडतं. "कोणाकडे आलात?" यातलं "आलात" पुरुषाला आणि बाईला एकच, आणि आदरार्थीही. "बोला", "सांगा", "थांबा", "सरका" या रूपांनाही लिंग नाही. "कोण पाहिजे?" व्याकरणाने सुरक्षित आहे, पण यंत्राच्या पातळ आवाजात ते फार तुटक ऐकू येतं. "कोण आहे?" चालतं, मात्र त्याचं उत्तर बहुधा "मी" असं येतं, आणि त्याने आपण एक इंचही पुढे जात नाही.

"दादा", "ताई", "काका", "मावशी" हे शब्द चेहरा किंवा आवाज पक्का कळेपर्यंत राखून ठेवावेत. आवाजावरून ठरवतानाही जपून. छोट्या स्पीकरमधून खालचा, जाडसर सूर नीट येत नाही, त्यामुळे पुरुषाचा आवाज कोवळा वाटू शकतो. दोन वाक्यं झाली, खात्री पटली, की मग "दादा, दोन मिनिटं थांबा" म्हणावं. ते तेव्हा जास्त चांगलं लागतं.

शहरात बाहेरचा माणूस मराठी बोलणारा असेलच असं नाही. मराठी वाक्याला चार सेकंदांत उत्तर आलं नाही तर तेच हिंदीत: "जी, बोलिए. किसके यहाँ जाना है?" यातही "जाना है"मुळे लिंगाचा प्रश्न टळतो.

"मी!" असं उत्तर आलं तर

नात्यातली, ओळखीची माणसं नाव सांगत नाहीत. "अगं मी!" एवढंच. आणि अनोळखी माणसालाही हे ठाऊक असतं. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपण नाव पुरवणं. "भाऊजी का?" विचारलं की उत्तर "हो" येणार, मग बाहेर कोणीही असो. तसंच "पार्सल आहे का?", "गॅसवाले का?", "पाटलांकडे का?" या प्रश्नांत उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर नुसत्या "हो"ने देता येतं, तो प्रश्न दाराच्या यंत्रावर विचारायचाच नाही. "कोणाकडे आलात?", "काय काम होतं?", "नाव काय सांगू?" असे प्रश्न विचारावेत, ज्यांना समोरच्याला स्वतःहून शब्द शोधावा लागतो.

पण आपल्या माणसाला परक्यासारखं विचारलं तर त्याला लागतं, हेही खरं. यावर साधा उपाय म्हणजे दोष यंत्रावर ढकलायचा, आणि तो खोटाही नसतो: "आवाज तुटतोय हो, नाव सांगा ना." ओळख पटली की लगेच सांगून टाकायचं: "भाऊजी होय! कॅमेऱ्यात नुसती सावली दिसत होती. आलेच." रागाचं कारण उरत नाही. "ओळखलं नाही का?" असं कुणी उलट विचारलं तर त्याला हो-नाही काहीच न म्हणता तेच वाक्य पुन्हा: "नाव सांगा ना." ओळखीचा माणूस दुसऱ्यांदा नाव सांगतोच.

दारावरच्या पाटीचंही लक्षात ठेवा. "पाटलांकडे आलोय" याने काही सिद्ध होत नाही, कारण ते नाव त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर लिहिलेलं आहे. पाटीवर नसलेलं काहीतरी त्याच्याकडून यायला हवं.

चेहरा दिसावा म्हणून काय सांगायचं

काळी आकृती का दिसते हे समजलं की काय सांगायचं तेही आपोआप सुचतं. कॅमेरा सगळ्या चित्राचा उजेड बघून स्वतःला जुळवून घेतो. मागे उघडी खिडकी असली की त्याला सगळंच फार लख्ख वाटतं, तो उजेड कमी करतो, आणि चेहरा काळा पडतो. माणसाला नुसतं बाजूला सरकवून हे फारसं सुधारत नाही, कारण खिडकी चित्रात तशीच राहते. त्याने थोडं पुढे येऊन अंगाने खिडकी झाकली, तर कॅमेरा पुन्हा उजेड वाढवतो आणि एक-दोन सेकंदांत चेहरा उमटतो. म्हणून: "मागून उजेड येतोय, जरा पुढे येता का?"

उलट, माणूस डब्याला नाक लावून उभा असेल तर रुंद भिंगात फक्त हनुवटी किंवा कपाळ दिसतं. तेव्हा: "एक पाऊल मागे या, चेहरा दिसत नाहीये." दोन-तीन फुटांवर उभा राहिलेला माणूस सगळ्यात नीट दिसतो.

डावं-उजवं सांगताना घोळ होतो. माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे पडद्यावर जो डावीकडे दिसतो त्याला मध्यभागी आणायचं तर त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताला सरकावं लागतं. हे त्या क्षणी डोक्यात करणं कठीण. त्यापेक्षा जागेचं नाव घ्यावं: "जिन्याच्या बाजूला सरका", "लिफ्टकडे या थोडं". आपल्या दाराबाहेर कोणत्या बाजूला काय आहे ते एका कागदावर लिहून पडद्याखाली चिकटवलं तर घरातल्या वयस्करांना फार सोपं जातं.

हेल्मेट किंवा तोंडाला बांधलेला रुमाल काढायला सांगताना आज्ञा नको: "हेल्मेट काढता का जरा, ओळखू येत नाहीये." काम खरं असेल तर माणूस सहसा काढतो. नाही काढलं तर लगेच चोर ठरवू नये. त्याच्या दोन्ही हातांत सामान असू शकतं. पण मग आतलं दारही उघडायचं नाही, पार्सल बाहेर ठेवायला सांगायचं.

एक प्रसंग, पहिल्यापासून

समजा, दुपारचे अडीच वाजले आहेत. लिफ्ट नसलेली इमारत, तिसरा मजला, जिन्याची खिडकी दाराच्या अगदी समोर. घरात आजी एकट्या आहेत. बेल वाजते. पडद्यावर हेल्मेट घातलेली काळी आकृती, पाठीवर मोठी पिशवी.

आजी आधी दाराबाहेरचा दिवा लावतात आणि टीव्ही मुका करतात. पडद्यावर एकच माणूस आहे हे बघतात. बटण दाबून, एक श्वास थांबून: "हो, बोला. कोणाकडे आलात?" बोट उचलतात. चार आकडे.

"पाटील... पार्सल."

पाटीवर "पाटील" आहेच, म्हणून यातून अजून काही कळलेलं नाही. "हो. हेल्मेट काढता का जरा? आणि पार्सल कोणाच्या नावावर आहे, पूर्ण नाव वाचता का?" इथे आजी मुलाचं नाव स्वतः घेत नाहीत. बाहेरचा माणूस हेल्मेट काढतो, पिशवीत हात घालतो, लेबल वाचतो, मुलाचं आणि त्याच्या वडिलांचं नाव बरोबर सांगतो. आता पाटीवर नसलेली एक गोष्ट आली.

"पैसे किती द्यायचे आहेत?"

"काहीच नाही, ओटीपी लागेल."

ओटीपी यंत्रावर सांगायचा नाही. एक तर तो साऱ्या जिन्याला ऐकू जातो, आणि दुसरं म्हणजे आकडा एकदा सांगितला की कंपनीच्या दप्तरी पार्सल पोचलेलं असतं, मग ते हातात आलेलं असो वा नसो. आजी म्हणतात, "हो, थांबा हं, दोन मिनिटं लागतील," आणि कॉल बंद करायचं बटण दाबतात. मग मुलाला फोन करून खरंच काही मागवलं आहे का ते विचारतात. तो आकडा सांगतो. आतलं दार उघडतं, बाहेरचं जाळीचं दार कडी घालून बंदच. जाळीतून लेबल वाचून, मगच ओटीपी, आणि पार्सल खाली ठेवून घ्यायचं. तो माणूस जिना उतरल्यावर जाळीचं दार उघडायचं.

मुलाने काहीच मागवलेलं नसतं, तर? आतलं दार न उघडता यंत्रावर एकच वाक्य: "आमचं काही नाहीये, परत घेऊन जा." कारणं द्यायची नाहीत, वाद घालायचा नाही. माणूस हटत नसेल तर वॉचमनला किंवा शेजारी फोन, आणि भीती वाटली तर 112.

हे सगळं झालं तरी यंत्रावरच्या बोलण्याने माणूस खरा आहे हे सिद्ध होत नाही, एवढं मनाशी पक्कं ठेवावं. लेबलवर नाव कोणीही वाचू शकतं. आतलं दार उघडायचं की नाही एवढाच निर्णय त्या बोलण्याने होतो. जाळीच्या दाराचा निर्णय वेगळा, आणि तो डोळ्यांनी बघून करायचा.

कुणी मीटर बघायला आल्याचं सांगितलं तर मीटर कुठे आहे हे आपल्याला माहीत हवं. विजेची मीटरं बहुतेक इमारतींत तळमजल्यावर असतात, म्हणजे वीजवाल्यांना रीडिंगसाठी घरात यायचं कारण नाही. पाइपगॅसचं मीटर मात्र पुष्कळदा स्वयंपाकघरात असतं, त्यामुळे तो माणूस खरोखर आत येणार असतो. त्याला ओळखपत्र दाखवायला सांगायचं, आणि ते कसं, ते पुढे.

रात्री

अंधारात कॅमेरा डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे लावतो आणि चित्र काळं-पांढरं होतं. या उजेडात कपड्यांचे रंग भरवशाचे नसतात. गडद दिसणारा गणवेश पांढुरका दिसू शकतो, म्हणून "निळा शर्ट होता" वगैरे ओळख रात्री धरू नये. डब्याशेजारी पांढरी भिंत किंवा जाळीची चौकट असेल तर इन्फ्रारेड तिच्यावरून परत येतो, कडेला पांढरा ढग दिसतो आणि चेहरा मागे पडतो. दाराबाहेरचा दिवा लावल्यावर काही कॅमेरे पुन्हा रंगीत होतात; ते तसे झाले की मगच बोलायला सुरुवात करावी.

ओळखपत्र बघायचं असेल तर माणूस ते भिंगाला टेकवतो, आणि आपल्याला फक्त पांढरा चौकोन दिसतो. जवळची वस्तू भिंगाला धूसर दिसते, आणि रात्री तिच्यावर इन्फ्रारेडची चकाकीही येते. "कार्ड दीड-दोन फूट लांब धरा, आणि थोडं तिरकं करा." फोटो आणि ठळक अक्षरं दिसतील. बारीक क्रमांक दिसणार नाही, तो वाचून दाखवायला सांगायचा.

मुलं घरी असताना, आणि आपण बाहेर असताना

आठ-दहा वर्षांच्या मुलाला एकच वाक्य पाठ करून द्यावं: "आई कामात आहे, नाव सांगा." "आई घरी नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून कधीच जाऊ नये, आणि नाव ऐकल्यावर पुढे काही न बोलता त्याने मोठ्यांना फोन करायचा. हे नुसतं सांगून भागत नाही. बाहेर उभं राहून दोन-चार वेळा बेल वाजवून सराव करून घ्यावा लागतो, कारण प्रत्यक्ष वेळी मुलं "कोण काका?" असं विचारून मोकळी होतात.

मोबाइलवर ऑफिसातून उत्तर देता येतं तेव्हा आपण घरात नाही हे कळू न देणं अवघड असतं. बसचा हॉर्न, ऑफिसातला गलका बाहेर ऐकू जातो. शांत जागी जाता येत नसेल तर न बोललेलं बरं. फोटो साठलेला असतो, नंतर बघता येईल. बोललात तर "आत्ता दाराशी येता येत नाहीये, वॉचमनकडे ठेवा" एवढं पुरे. "संध्याकाळी सातला या, तोवर कोणी नाही" हे मात्र कोणत्याही परिस्थितीत नको.

आवाज अडखळत असेल तर

वायफायच्या बेलचा आवाज रोजच तुटत असेल तर दोष बहुधा राउटर आणि दार यांच्यामधल्या भिंतींत असतो. काही ॲपमध्ये बेलच्या माहितीच्या पानावर RSSI नावाचा, वायफायच्या सिग्नलचा जोर सांगणारा उणे आकडा दिसतो. तो शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. -50 चांगला, आणि -70 च्या पलीकडे गेला की शब्द गळू लागतात. राउटर दाराच्या दिशेने एका खोलीने पुढे आणला तरी बऱ्याचदा भागतं. आणि वीज गेली की राउटर बंद, म्हणजे बेलही मोबाइलवर पोचत नाही, त्या वेळी कडी वाजेल, आणि तिलाही दाराआडून तेच वाक्य: "हो, बोला. कोणाकडे आलात?"

तारेच्या यंत्रात शिटीसारखा कर्कश आवाज येत असेल तर आतला स्पीकर बाहेरच्या माइकला ऐकू जातो आहे. आतला आवाज दोन पायऱ्या कमी करा. पडदा दाराला अगदी लागून असेल तर बोलताना मधलं दार बंद आहे ना ते बघा.

बोलणं संपलं की कॉल बंद करायचं बटण न विसरता दाबायचं. नाहीतर यंत्राची मुदत संपेपर्यंत, काही यंत्रांत मिनिटभरही, आतलं बोलणं बाहेर जात राहतं. पाहुणा अजून तिथेच चपला काढत असतो.